मनगटावरचं लोणचं

बिडकीनहून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत बसायला जागा मिळाली, तर समजावं की आज रविवार आहे किंवा आपण चुकीच्या गाडीत चढलो आहोत. एरवी उभंच राहायचं. उभं राहायचं म्हणजे वरची दांडी धरायची, आणि दांडी धरली की माणसाचं मनगट बरोबर शेजाऱ्याच्या नाकासमोर येतं. त्या मनगटावर घड्याळ असतं. घड्याळाला पट्टा असतो. आणि मे महिन्यात पैठण रोडवर पट्ट्याला जे असतं, त्याबद्दल हा लेख आहे.

पंचवीसेक किलोमीटरचा हा प्रवास मी बरीच वर्षं करतोय. चितेगाव मागे पडेपर्यंत मला डोळे मिटून सांगता येतं की उजवीकडच्या गृहस्थांचा पट्टा चामड्याचा आहे आणि डावीकडच्यांचा रेक्झिनचा. चामड्याचा वास मुरलेला, थोडा उग्र, पायमोज्याच्या घराण्यातला. रेक्झिनचा आंबट, ओल्या छत्रीसारखा. स्टीलच्या चेनचा वास लांबून येत नाही. पण ब्रेक लागला आणि आपलं नाक त्या चेनवर आदळलं, की जुनी नाणी आणि साबण एकत्र उगाळल्यासारखं काहीतरी येतं. औद्योगिक वसाहतीत जमिनी गेल्यापासून आमच्या गावात सोनेरी चेनचीही चांगलीच पैदास झाली आहे. तिचा वास चेनसारखाच, फक्त आब जास्त.

असा मी वासांचा जाणकार. आणि एका मे महिन्यात, नक्षत्रवाडीच्या अलीकडे, शेजारी बसलेल्या एका आजींनी माझ्या दांडीवरच्या हाताकडे पाहून अगदी मायेनं विचारलं, "लेकरा, हाताला जखम हाय का? चिघळल्याचा वास यायलाय."

जखम नव्हती. घड्याळ होतं.

घरी येऊन मी ही गोष्ट बायकोला सांगितली. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आज कळलं होय? मला दिवाळीपासून येतोय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुमचाच आहे."

आता यात माझा दोष किती आणि नाकाचा किती, हे मी नंतर तपासलं. नाकाला एकच वास सतत मिळत राहिला, की ते त्याची नोंद घेणं सोडून देतं. सरकारी कचेरीतला कारकून जसा रोज येणाऱ्या अर्जदाराकडे बघेनासा होतो, तसंच. अत्तर लावणाऱ्याला तासाभराने स्वतःचं अत्तर येत नाही, आणि पट्टा बांधणाऱ्याला आयुष्यभर स्वतःचा पट्टा येत नाही. म्हणून पट्टा मनगटावर असताना हुंगून उपयोग नसतो. तो काढायचा, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात तासभर ठेवायचा, आणि डबा उघडून दुसऱ्या कुणाच्या तरी नाकाखाली धरायचा. आमच्याकडे हे दुसरं नाक बायकोचं. दूध नासणार आहे हे ते आदल्या दिवशी सांगतं. तिनं डबा उघडला, लावला, आणि फक्त एवढंच विचारलं, "हा डबा मी कशाला वापरू आता?"

दुसऱ्या दिवशी मी बाजारातल्या घड्याळवाल्या चाचांकडे गेलो. एक टेबल, त्यावर काच, काचेखाली मेलेल्या घड्याळांचे कान-नाक-डोळे, आणि चाचांच्या एका डोळ्याला कायमचं चिकटलेलं भिंग. त्यांनी माझं घड्याळ हातात घेतलं, उलटं केलं, पट्टा भिंगाखाली धरला आणि बराच वेळ बोलले नाहीत. डॉक्टर असे गप्प बसले की नातेवाईक रडायला लागतात.

"साहेब," शेवटी ते म्हणाले, "हे घड्याळ हाय का लोणच्याची बरणी?"

मला राग आला. पण त्यांनी जे समजावून सांगितलं त्यात खोट काढायला जागा नव्हती. लोणच्याला काय लागतं? मीठ, तेल, ऊब, झाकण आणि सवड. घामात मीठ असतं. कातडीतून सुटणारा तेलकटपणा असतो. ऊब मनगट पुरवतं, झाकण पट्टा पुरवतो, आणि सवड माझ्या आळसाने पुरवलेली होती. फरक इतकाच, की आंब्याच्या लोणच्यात जंतू वाढू नयेत म्हणून मीठ पुरेसं घालतात. घामात ते पुरेसं नसतं. ताज्या घामाला तर वासच नसतो म्हटलं तरी चालेल, जवळजवळ सगळं पाणीच ते. वास येतो तो आपल्याच कातडीवर राहणाऱ्या जंतूंनी घाम, मेलेली कातडी आणि तेल यांवर ताव मारल्यानंतर. म्हणजे आजींना आला तो माझा वास नव्हताच. माझ्या जिवावर जगणाऱ्यांचा होता. हे मी बायकोला सांगितलं. तिला त्यात फारसा फरक दिसला नाही.

पुढे गंमत अशी कळली की चामडं हे पट्टा होण्याआधीच एकदा लोणचं झालेलं असतं. कमावण्याच्या कारखान्यात कातडी क्रोमच्या द्रावणात घालण्यापूर्वी मीठ आणि आम्लाच्या पाण्यात मुरवतात, आणि त्या धंद्यात त्या पायरीचं नावच मुळी पिकलिंग आहे. म्हणजे मी नवीन काही केलं नव्हतं. फक्त फोडणी दुसऱ्यांदा दिली होती.

पूर्वी बरं होतं, घड्याळ कोटाच्या खिशात असायचं किंवा गांधीजींसारखं कमरेला लटकायचं. घामाचा आणि त्याचा संबंध नव्हता. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना खिसे चाचपायला सवड नव्हती म्हणून घड्याळ मनगटावर आलं, तिथून ते पुरुषांत रुजलं, आणि तिथपासून एसटीतली माझी अवस्था असा सरळ रस्ता आहे.

चाचांनी पट्टा धुवून दिला नाही. "स्टील आसतं तर धुतलं आसतं," ते म्हणाले. "चामडं धुवायचं नसतं, पुसायचं असतं." हे वाक्य मी कागदावर लिहून घेतलं, कारण घरी रविवारी माझा मेहुणा येणार होता, आणि त्याला हे तोंडी सांगून पटणार नव्हतं.

मेहुणा कंपनीत आहे. त्याच्या मनगटावर पावशेराची स्टीलची चेन आहे, जिचा वास येण्याशी संबंध नाही असं त्याचं ठाम मत. "दाजी, स्टीलला काय होतंय?" असं तो म्हणाला आणि आम्ही दोन्ही घड्याळं अंगणात घेऊन बसलो. पहिलं त्याचं.

स्टीलला खरोखरच फारसं काही होत नाही. होतं ते स्टीलच्या सांध्यांना. चेनच्या दोन कड्यांमध्ये केसाएवढी फट असते. त्यात कातडीचा भुगा, घाम, साबण आणि पैठण रोडची धूळ यांचं काळं लुकण बसतं. बाहेरून चेन चकचकीत, आतून विहिरीचा तळ. हे बघायचं असेल तर चेन बोटावर उलटी वाकवायची, म्हणजे फटी उघडतात, आणि दात कोरायची काडी एका फटीतून फिरवायची. काडीच्या टोकाला जे आलं ते मेहुण्याने पाहिलं आणि दोन मिनिटं कंपनीबद्दल काही बोलला नाही.

चेन धुवायची तर ती घड्याळापासून सुटी करायची, हा पहिला नियम. घड्याळाच्या दोन कानांमध्ये स्प्रिंगची बारीक पिन असते, तिची टोकं आत दाबली की चेन सुटते. चाचांकडे त्यासाठी टोकाला फट असलेलं बारीक हत्यार असतं. आमच्याकडे नेलकटर होतं. मेहुण्याने नेलकटरच्या पातीने पिन दाबली, आणि पिनेने जी झेप घेतली ती मी फक्त ऐकली. आधी स्टीलच्या ताटावर टिंग झालं, मग कुठेतरी लांब, पन्हाळीवर. आम्ही दोघं, बायको आणि शेजारचा पोरगा असे पाऊण तास रांगत होतो. सापडली ती तुळशीवृंदावनाच्या चिरेत. आता सांगतो ते त्या पाऊण तासाची किंमत देऊन शिकलेलं आहे: ताटात जाड टॉवेल अंथरायचा, घड्याळ त्यात अर्धं गुंडाळायचं, पिनेच्या तोंडाशी बोट धरायचं, मगच दाबायचं. पिन उडते ती टॉवेलात पडते. आणि हत्यार नसेल तर चाचांकडे जायचं, त्यात कमीपणा नाही.

चेन सुटी करायचं काय अडलंय, घड्याळासकट नळाखाली धरावी, असं मेहुण्याचं आधी मत होतं. घड्याळाच्या पाठीवर वॉटर रेझिस्टंट लिहिलंय, असंही त्याने दाखवलं. त्या शब्दांवर लोकांचा फार विश्वास. नुसतं तेवढंच किंवा सोबत ३० मीटर असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ पावसाचे शिंतोडे आणि हात धुताना उडालेलं पाणी एवढाच. बुडी नव्हे, ब्रशने घासणंही नव्हे. आणि घड्याळ जुनं झालं की आतलं रबर कडक होतं, मग ते शिंतोडेही आत जातात. काचेखाली धुकं आलं की तांदळाच्या डब्यात पुरायची आमच्याकडे प्रथा आहे. तांदळाला ते धुकं ओढायची कला अवगत नाही. घड्याळ उघडून वाळवावंच लागतं.

तर चेन सुटी झाली. अर्धा लिटर कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे तीन थेंब, त्यात चेन पंधरा मिनिटं. पाण्याचा रंग सातव्या मिनिटाला फिक्या चहासारखा आणि बाराव्या मिनिटाला आमच्या बसस्टँडच्या चहासारखा झाला. मग पोराच्या मऊ टूथब्रशने आतून, फटींच्या दिशेने घासायचं, आणि लॉकच्या खोबणीत जास्त वेळ द्यायचा, कारण सगळ्यात जास्त लुकण तिथे असतं आणि तिथे कुणी बघत नाही. पाणी बदलून हे दुसऱ्यांदा. दुसरं पाणी नितळ राहिलं तर काम झालं. गढूळ झालं तर तिसऱ्यांदा.

साबणाची वडी इथे वापरू नये, ही माझी स्वतःची भर. आमचं बोअरचं पाणी इतकं जड आहे की त्यात साबणाचा फेस होत नाही, दही होतं. ते दही फटीत बसलं की आपण मळ काढून साबणाचा मळ भरला असं होतं. लिक्विडचं तसं होत नाही. रिठ्याचंही नाही; सोनार दागिने रिठ्याच्या पाण्यात धुतात ते उगाच नाही. आणि शेवटचं खळबळणं जारच्या पाण्यात करावं, नाहीतर चेन वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके उठतात आणि सगळ्या मेहनतीवर पीठ सांडल्यासारखं दिसतं. मग झटकायची, सुती फडक्यात दाबायची आणि पंख्याखाली दोन तास. फटीत पाणी राहिलं तर स्टील गंजत नसलं तरी पिना गंजतात, आणि गंजलेली पिन तुटते ती नेमकी दांडी धरलेली असताना.

इथे मेहुण्याने आणखी एक सूचना केली. फरशी धुवायचं ब्लीच घालू, म्हणजे एका झटक्यात होईल. नको. ब्लीचमधल्या क्लोराइडने चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यात उद्याचा मळ जास्त सुखाने राहतो. टूथपेस्टही नको, तिने चकचकीत भागावर ओरखडे येतात. सोनेरी चेन असेल तर ब्रशही हलक्या हाताने, कारण बहुतेक वेळा सोनं नुसता मुलामा असतं. तो गेला की खालचं पितळ घामाशी बोलायला लागतं आणि मनगटावर हिरवा पट्टा उमटतो. असं मनगट असलेला माणूस बसमध्ये पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, हे माझं निरीक्षण आहे.

मेहुण्याची चेन वाळत पडली. आता माझी पाळी आली, म्हणजे पट्ट्याची.

पट्टा दिसतो तसा एक तुकडा नसतो. वर दिसायचं चामडं, खाली मनगटाला लागणारं पातळ अस्तर, मध्ये कधी भरण, आणि हे सगळं डिंकाने चिकटवून कडेने शिवलेलं. पाण्यात बुडवलं की डिंक सुटतो, थर फुगतात, कडेचा रंग पोपडे धरतो, आणि वाळताना चामडं आक्रसून भाकरीसारखं वाकडं होतं. म्हणून चाचांचं वाक्य. फडकं ओलं करून इतकं पिळायचं की त्यातून थेंब पडता कामा नये. त्यावर लिक्विडचा एक थेंब चोळून फक्त आतली बाजू पुसायची. माझ्या फडक्यावर पहिल्या पुसण्याला तपकिरी रंग आला, आणि अस्तरावर पांढऱ्या मिठाच्या रेघा दिसल्या, खारवलेल्या माशासारख्या. दुसऱ्या साध्या ओलसर फडक्याने साबण काढायचा. मग सावलीत, वाऱ्यावर, चांगला दिवसभर. उन्हात नाही. बायकोने पट्टा गच्चीवर पापडांशेजारी ठेवला होता, दहा मिनिटांत मी तो खाली आणला. ऊन चामड्यातलं तेल आटवतं आणि मग ते वाकवलं की तडकतं.

पट्टा पूर्ण वाळल्यावर बशीत उलटा ठेवायचा, अस्तरावर खायचा सोडा चमचाभर कोरडाच भुरभुरायचा, आणि रात्रभर. सकाळी कोरड्या ब्रशने झाडून टाकायचा. वास आंबट जातीच्या आम्लांचा असतो, सोडा त्यांना धरतो. इथे शब्द तीनदा वाचावा: खायचा सोडा. मेहुण्याने आदल्या वर्षी धुण्याचा सोडा वापरला होता, तोही ओला करून. तो कितीतरी जहाल. चामड्याचा स्वभाव मुळात किंचित आम्लाचा. त्याला असा सोडा लागला की ते आधी निबर होतं, मग चिरतं. त्याचा पट्टा तिसऱ्या दिवशी बकलापाशी मोडला, आणि तेव्हापासून त्याने स्टील धरलं. खायचा सोडासुद्धा ओला करून थापू नये, याच कारणाने.

गावात याहून सोपे उपाय प्रचलित आहेत. एक म्हणजे खोबरेल. त्याने पट्टा दोन दिवस मऊ वाटतो, मग काळा पडतो आणि सगळी धूळ बोलावून घेतो. लोणच्याला तेल कमी पडलं होतं तेवढं भरून निघतं. दुसरा म्हणजे सेंट. त्यातला स्पिरिट चामड्याचा वरचा थर सुकवतो, आणि वासाचं म्हणाल तर वाईट वास जात नाही, त्याला सोबत मिळते. मोगरा आणि बोकड एकाच दावणीला बांधल्याचा जो वास येतो, तो मी कांचनवाडी ते महानुभाव आश्रम चौक असा अनेकदा घेतलेला आहे.

सोमवारी सकाळी सोडा झाडला आणि पट्टा पुन्हा त्याच डब्यात तासभर ठेवला. डबा बायकोच्या नाकाखाली धरला. ती म्हणाली, "कमी आहे."

"गेला का?"

"कमी आहे म्हटलं."

मी तो दिवस घड्याळ न बांधता गेलो आणि रात्री पुन्हा सोडा केला. मंगळवारी डबा उघडला. "आता नाही येत," ती म्हणाली, आणि मी विजयी वीरासारखा पट्टा बांधून एसटीत चढलो. वाल्मी येईपर्यंत घाम फुटला, पट्टा ओला झाला आणि वास परत आला, पूर्वीच्याच उत्साहाने. खरी परीक्षा ही आहे, हे मला तेव्हा कळलं. कोरडा असताना न येणारा आणि ओला झाला की येणारा वास म्हणजे घाम अस्तर ओलांडून आतल्या थरात गेला आहे. तिथे फडकं पोचत नाही, सोडाही पोचत नाही. पट्टा पुसून सुधारतो तो अस्तरापर्यंतच. माझा दीड वर्षाचा होता, रोज दहा-बारा तास बांधलेला, एकदाही न पुसलेला. चाचांनी तो पहिल्याच दिवशी भिंगातून पाहिला होता आणि गप्प बसले होते, ते याचसाठी.

बुधवारी त्यांच्याकडे नवा पट्टा घातला. त्यांनी कानांमधलं अंतर मोजलं, १८ मिलिमीटर, आणि दोन पट्टे पुढे केले. "एक आज, एक उद्या," म्हणाले. घामेजलेल्या चामड्याला आतून वाळायला एक दिवस लागतो. रोज तोच बांधला तर तो कधी वाळतच नाही. मला वाटलं, धंदा करतायत. केला असेल. पण तेव्हापासून दोन उन्हाळे झाले आणि दोन्ही पट्टे अजून चालू आहेत. घरी आल्यावर घड्याळ काढतो, कोरड्या फडक्याने आतली बाजू पुसतो, खुंटीवर टांगतो. बांधतानाही एक भोक सैल, खाली करंगळी जाईल एवढं. डबा अजून तिथेच आहे. त्यात आता मी स्क्रू ठेवतो, लोणचं कुणी ठेवू देत नाही.

त्या आजी पुन्हा एकदा भेटल्या होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरी झाली वाटतं जखम." मी हो म्हणालो.

तरी पैठण रोडच्या सकाळच्या गाडीतल्या तमाम उभ्या प्रवाशांना एक विनंती आहे. घड्याळ डाव्या हातात असेल, तर दांडी उजव्या हाताने धरा.